माउसला हात न लावता

एक्सेलच्या वरच्या रिबनमधली बहुतेक बटणं की-बोर्डवरूनही दाबता येतात. Alt दाबून सोडा. प्रत्येक टॅबवर एक अक्षर उमटतं. Home वर H असतं. H दाबलं की त्या टॅबमधल्या बटणांवर नवी अक्षरं येतात. कळा एकामागून एक दाबायच्या, एकत्र धरून ठेवायची गरज नाही.

समजा, गुणपत्रकात D2 मध्ये `=B2+C2` असं सूत्र आहे आणि ते खाली चाळीस ओळींपर्यंत ओढलेलं आहे. आता B आणि C हे रकाने काढून टाकले, तर बेरजेच्या जागी #REF! दिसेल. म्हणून आधी बेरजेचा रकाना निवडा, Ctrl+C दाबा आणि त्याच जागी Alt, H, V, V. पहिला V पेस्टचा मेनू उघडतो, दुसरा फक्त किंमत चिकटवतो. जमलं की नाही, हे सूत्रपट्टीत कळतं: तिथे सूत्राऐवजी नुसता आकडा दिसायला हवा. आता ते दोन रकाने खुशाल काढा.

अक्षर चुकलं तर Esc एक पायरी मागे नेतं. सेलच्या आत कर्सर लुकलुकत असेल तर मात्र पेस्टचे हे पर्याय चालत नाहीत. आधी Enter दाबून बाहेर या. अक्षरं पाठ करत बसू नका, ती पडद्यावर दिसतातच. रोज लागणाऱ्या दोन-तीन मालिका बोटांत बसल्या तरी पुरे. विंडोजवर हे सगळं आपोआप मिळतं, मॅकवर नाही.