एकच प्रश्न, दोन बाजूंनी

ग्राहकाला ‘वस्तूत काय महत्त्वाचं?’ असं विचारलं, की तो सगळंच महत्त्वाचं म्हणतो. आमच्या परंड्यात पाठीवरचा बॅटरीचा फवारणी पंप घेणाऱ्या शेतकऱ्याचंच उदाहरण घेऊ. टाकी गळू नये, एका चार्जिंगवर दिवसाची फवारणी उरकावी, अंधारात दिसायला दिवा असावा. तिन्हींना तो होच म्हणेल. पण तिन्हींचं वजन सारखं नाही.

हे वजन ओळखण्याची युक्ती जपानच्या नोरिआकी कानो यांनी सहकाऱ्यांसह १९८४ मध्ये मांडली. त्यांनी तपासले होते टीव्ही संच आणि टेबलावरचं घड्याळ. प्रत्येक गुणाबद्दल दोन प्रश्न: तो असला तर कसं वाटेल, आणि नसला तर कसं वाटेल? उत्तरं ठरलेली पाच: आवडेल, असंच असायला हवं, काही फरक नाही, चालवून घेईन, आवडणार नाही.

आता जोड्या लावू. टाकी गळत नसली तर ‘असंच असायला हवं’, गळाली तर ‘आवडणार नाही’: हा मूलभूत गुण. तो असल्याबद्दल कुणी शाबासकी देत नाही, पण नसला तर पंप परत येतो. चार्जिंग दिवसभर पुरलं तर ‘आवडेल’, मध्येच संपलं तर ‘आवडणार नाही’: हा कामगिरीचा गुण, जितकं पुरेल तितकं समाधान. दिवा असला तर ‘आवडेल’, नसला तर ‘काही फरक नाही’: हा सुखद धक्का. दोन्हीकडे ‘आवडेल’ आलं, तर माणसाला प्रश्नच कळलेला नाही. ते उत्तर बाजूला ठेवायचं.

मराठीत विचारताना मला आधी भीती होती ती आपल्या ‘चालेल’ची. त्यात ‘फरक नाही’ आणि ‘चालवून घेईन’ दोन्ही येतात. पण कानोंच्या तक्त्यात ही दोन उत्तरं एकमेकांच्या जागी आली, तरी या तीन वर्गांची वाटणी बदलत नाही. खरी गफलत होते ती ‘आवडेल’ आणि ‘असंच असायला हवं’ यांत. बोलताना आपण दोन्हींना ‘पाहिजेच की’ म्हणतो. तेवढ्यानं मूलभूत गुण कामगिरीच्या खात्यात जातो. म्हणून तिथं थांबून विचारावं: ‘हे मिळालं तर खूश व्हाल, की यात काय विशेष म्हणाल?’

शेवटी मोजणी. प्रत्येक माणसाच्या जोडीचा वर्ग आधी ठरवायचा, मग कोणत्या वर्गाला जास्त मतं ते पाहायचं. समजा वीस जणांत दिवा नऊ जणांना सुखद, नऊ जणांना मूलभूत आणि दोघांना बिनमहत्त्वाचा वाटला. इथं मधला मार्ग काढू नये. ते मूलभूत म्हणणारे नऊ जण दिवस मावळल्यावर फवारणारे आहेत का, ते पाहावं. तसं निघालं, तर तो एका पंपाचा प्रश्न नाही. दोन वेगळ्या गिऱ्हाइकांचा आहे.

आणि हा निकाल कायमचा धरू नये. मोबाइलमधला कॅमेरा एकेकाळी नवलाईचा होता. आज त्याच्याशिवायचा स्मार्टफोन कोण घेईल?