बेरीज एक यायलाच हवी

हायड्रोजनच्या अणूतल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा उणे १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते, उणे ३.४ असते, पण उणे १० कधीच नसते. गंमत अशी, की श्रोडिंगरच्या समीकरणात उणे १० हा आकडा घातला तर समीकरण जराही कुरकुर करत नाही. अणुकेंद्रापासून सुरुवात करून गणित पुढे नेत गेले की उत्तर मिळतेच. मग ही ऊर्जा बाद ठरते कशी?

ती बाद ठरते समीकरणाच्या बाहेरच्या एका अटीमुळे. एर्विन श्रोडिंगरने १९२६ च्या सुरुवातीला हायड्रोजनचे गणित मांडले, तेव्हा तरंगफलन कुठेही अनंत होऊ नये एवढे त्याने धरून ठेवले होते. ते फलन नेमके कशाचे माप आहे, याचा उलगडा मात्र तेव्हा झाला नव्हता. त्याच वर्षी काही महिन्यांनी माक्स बोर्नने अर्थ लावला: फलनाच्या मूल्याचा वर्ग म्हणजे इलेक्ट्रॉन त्या जागी सापडण्याच्या शक्यतेची घनता. वर्गाची ही गोष्ट त्याच्या निबंधात तळटीपेत आली, आणि पुढे १९५४ चे नोबेल बोर्नला प्रामुख्याने याच अर्थासाठी मिळाले.

वर्ग म्हणजे शक्यता, हे एकदा मान्य केले की पुढची पायरी टाळता येत नाही. इलेक्ट्रॉन कुठे ना कुठे असणारच, म्हणून सगळ्या अवकाशातल्या शक्यतांची बेरीज एक भरली पाहिजे. समीकरणातून आलेले उत्तर कोणत्याही संख्येने गुणले तरी समीकरण सुटलेलेच राहते. त्यामुळे बेरीज पाच आली काय किंवा पन्नास आली काय, योग्य संख्येने भागून ती एकावर आणता येते. यालाच तरंगफलन नॉर्मलाइज करणे म्हणतात.

उणे १३.६ चे उदाहरण घेऊ. इथे फलन e^(-r/a) असे उतरत जाते; r हे केंद्रापासूनचे अंतर आणि a ही बोरची त्रिज्या, म्हणजे ०.५३ अँगस्ट्रॉम. त्याच्या वर्गाची सर्व दिशांना मिळून बेरीज केली की नेमकी πa³ येते. तिच्या वर्गमुळाने फलनाला भागले की काम झाले. आता हे फलन ठोस प्रश्नांची उत्तरे देते: इलेक्ट्रॉन एका बोर त्रिज्येच्या आत सापडण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के, तर दहा त्रिज्यांच्या पलीकडे सापडण्याची कोटीत जेमतेम पाच.

उणे १० ला काय होते? केंद्रापासून दूर गेल्यावर समीकरणाला दोनच वाटा उरतात, एक विझत जाणारी आणि एक फुगत जाणारी. केंद्राजवळ नीट वागणारे उत्तर पुढे नेले, की साधारणपणे त्यात दोन्हींचे मिश्रण असते, आणि फुगणारा भाग कितीही किरकोळ असला तरी शेवटी तोच सगळे गिळतो. उणे १० साठी दहा त्रिज्यांपासून वीस त्रिज्यांपर्यंत जाताना शक्यता कमी व्हायच्या ऐवजी लाखो पटींनी वाढते. पुढे ती वाढतच राहते, म्हणजे बेरीज अनंत. तिने भागायला गेले तर हातात सगळीकडे शून्य उरते, न भागले तर ‘एका त्रिज्येच्या आत शक्यता किती?’ या प्रश्नालाच अर्थ राहत नाही.

संगणकावर हा प्रकार डोळ्यांनी दिसतो. ऊर्जा उणे १३.७ धरली की आलेखाची शेपटी वर उधळते, उणे १३.५ धरली की ती अक्ष ओलांडून खाली कोसळते. यांच्या मधे कुठेतरी शेपटी शांतपणे अक्षावर टेकेल अशी ऊर्जा शोधत जायचे, ती निघते सुमारे उणे १३.६. अचूक ऊर्जा दिली तरी फार दूरवर शेपटी उधळतेच, कारण संगणकाने दशांश स्थळे तोडताना फुगणाऱ्या वाटेचा कण आत शिरतो. नवख्याला वाटते आपलेच गणित चुकले. अनुभवी माणूस तिथला आलेख सरळ कापून टाकतो.

हायड्रोजनच्या वर्णपटात ठरावीक रंगांच्याच रेषा दिसतात, त्या याच चाळणीतून उरलेल्या ऊर्जांच्या फरकांच्या.

चाळणीला एक मोठा अपवाद मात्र आहे. ऊर्जा शून्याच्या वर गेली की इलेक्ट्रॉन अणूला बांधलेला राहत नाही. पूर्ण मोकळ्या कणाचे एकाच ऊर्जेचे फलन म्हणजे कुठेच न विझणारी सपाट लाट. तिच्या वर्गाची बेरीजही अनंतच, तरी भौतिकशास्त्रज्ञ ती रोज वापरतात. फरक असा, की ही लाट फुगत नाही. जवळजवळच्या ऊर्जांच्या अशा असंख्य लाटा योग्य प्रमाणात मिसळल्या की दूरवर त्या एकमेकींना खोडून काढतात, आणि मर्यादित जागेतला, बेरीज एक भरणारा तरंगपुंज तयार होतो. खरा इलेक्ट्रॉन म्हणजे तो पुंज. एकटी लाट हा गणिताच्या सोयीचा सुटा भाग. उणे १० च्या आसपासची फुगणारी उत्तरे मात्र या कामीही येत नाहीत: हायड्रोजनच्या कोणत्याही खऱ्या अवस्थेची मांडणी बांधलेल्या ऊर्जा आणि शून्यावरच्या लाटा यांतूनच पूर्ण होते.