चुकीच्या तारखेचा दर

निर्यातदाराने जानेवारी 2022 मध्ये 10,000 डॉलरचं बिल केलं. तेव्हा डॉलर साधारण साडेचौऱ्याहत्तर रुपयांना होता, म्हणजे विक्री झाली 7,45,000 रुपयांची. ऑक्टोबरमध्ये डॉलर साडेब्याऐंशीच्या आसपास गेला. आता विक्री अहवालाने जुन्या बिलालाही त्या दिवसाचाच दर लावला, तर तीच विक्री 8,25,000 दिसते. माल तेवढाच, डॉलरही तेवढेच. ऐंशी हजारांची वाढ मात्र कागदावर आली.

असं होतं, कारण दरांच्या तक्त्यात प्रत्येक चलनाचा एकच, ताजा दर ठेवलेला असतो. लेखा मानक 11 सांगतं, की विक्रीची नोंद व्यवहाराच्या तारखेच्या दराने करायची. पैसे नंतर वेगळ्या दराने आले, तर तो फरक विक्रीत न मिसळता विनिमय नफा-तोटा म्हणून वेगळा दाखवायचा.

चूक ओळखणं सोपं आहे. हिशेब बंद झालेल्या महिन्याचा अहवाल आज काढा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा काढा. बिलं तीच असून रुपयांतली बेरीज हलली, तर दराची तारीख चुकते आहे.

उपाय म्हणजे तक्त्यात चलनासोबत तारीखही ठेवणं आणि बिलाच्या तारखेवरून दर शोधणं. रविवारी किंवा सुट्टीला संदर्भ दर जाहीर होत नाही; तेव्हा आधीच्या कामकाजाच्या दिवसाचा दर घ्यायचा. हा नियम ठरवला नाही, तर रविवारची बिलं अहवालातून गळतात.