सहासष्ट मोजण्या आणि एक सरळ रेघ

१८८२ च्या उन्हाळ्यात अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ सायमन न्यूकम वॉशिंग्टनमध्ये पोटोमॅक नदीच्या अल्याड-पल्याड प्रकाशाचा वेग मोजत होते. एका काठावर फोर्ट मायर इथे फिरता आरसा आणि पलीकडे वॉशिंग्टन स्मारकाच्या पायथ्याशी दुसरा, स्थिर आरसा. प्रकाशाचा झोत जाऊन परत यायचा, अंतर सुमारे ७,४४२ मीटर. त्याला लागणारा वेळ सेकंदाच्या साधारण २४,८०० अब्जांशांइतका. ही २४,८०० ची रक्कम प्रत्येक वेळी सारखीच, म्हणून तिच्यावर किती अब्जांश जास्त लागले तेवढाच आकडा मांडायची पद्धत आहे. २८ म्हणजे २४,८२८. अशा ६६ मोजण्या आज संख्याशास्त्राच्या कितीतरी पुस्तकांत सापडतात.

त्यांतल्या बहुतेक १६ ते ४० च्या दरम्यान आहेत. दोनच वेगळ्या, उणे २ आणि उणे ४४.

मोजमापातल्या चुका घंटेच्या आकाराच्या नॉर्मल वितरणाप्रमाणे पसरतात, असं मानून पुढचं बरंच गणित केलं जातं. सरासरीभोवतीची चुकीची मर्यादा, दोन गटांची तुलना, अशा कितीतरी ठिकाणी हे गृहीतक हळूच येऊन बसतं. ते इथे खरं आहे का, हे कसं पाहायचं? स्तंभालेख काढला तर स्तंभाची रुंदी बदलली की आकारही बदलतो. शिवाय घंटेची वक्ररेषा टोकांशी इतकी चपटी होते की नेमका जिथे घोटाळा असतो तिथेच डोळ्याला काही दिसत नाही. वक्ररेषा वक्ररेषेशी ताडून पाहणं डोळ्याला अवघड जातं. सरळ रेघ वाकली तर मात्र ती लगेच कळते. क्यू-क्यू आलेख उभा आहे तो एवढ्याच गोष्टीवर.

शाळेत कवायतीच्या तासाला उंचीप्रमाणे रांग लावतात, तशी या ६६ आकड्यांची रांग लावायची. सर्वांत लहान उणे ४४, मग उणे २, मग १६, पुन्हा १६, १९, असं करत शेवटी ३७, ३९, ४०. आता कल्पना करा, समोर दुसरी एक रांग आहे, तीही ६६ जणांचीच, पण तिच्यातला प्रत्येकजण नॉर्मल वितरणात त्या क्रमांकाला जिथे असायला हवा बरोबर तिथे उभा आहे. ही आदर्श रांग लावायला क्रमांकातून अर्धा वजा करून ६६ ने भागायचं. पहिल्यासाठी ०.५ भागिले ६६, म्हणजे जेमतेम पाऊण टक्का. नॉर्मल वितरणाच्या तक्त्यात पाऊण टक्का भाग ज्याच्या डावीकडे असतो तो आकडा पाहायचा. तो येतो उणे २.४३, म्हणजे सरासरीच्या खाली २.४३ प्रमाण विचलनं. दुसऱ्याचा येतो उणे २.००. मधल्यांचे शून्याच्या आसपास आणि शेवटच्याचा अधिक २.४३. अर्धा वजा करण्याची ही रीत अ‍ॅलन हेझन या अमेरिकी अभियंत्याची. जलाशय किती मोठे बांधावेत हे ठरवताना नद्यांच्या प्रवाहाचे आकडे खास आखलेल्या कागदावर मांडण्याची पद्धत त्यांनी १९१४ मध्ये प्रसिद्ध केली. क्यू-क्यू आलेखाला आजचं रूप आलं ते १९६८ मधल्या एका लेखातून. तो बेल प्रयोगशाळेतल्या मार्टिन विल्क आणि मूळचे भारतीय असलेले रामनाथन ज्ञानदेशिकन यांनी लिहिला होता.

दोन्ही रांगांतल्या समोरासमोरच्या जोड्या आता आलेखावर मांडायच्या. आदर्श आकडा आडव्या अक्षावर आणि खरा आकडा उभ्या अक्षावर. आपले आकडे नॉर्मल असतील तर सगळे ठिपके एका सरळ रेघेच्या आजूबाजूला पडतील. रेघ मध्ये ज्या उंचीवर असेल ती सरासरी आणि तिचा चढ म्हणजे प्रमाण विचलन.

पण रेघ कुठून ओढायची? इथे पुष्कळजण फसतात. सगळ्या ६६ आकड्यांची सरासरी २६.२ आणि प्रमाण विचलन सुमारे १०.७ येतं. त्यावरून रेघ ओढली तर ती फार उभी चढते. वरच्या टोकाला ती ५२ च्या पुढे जाते, आणि तिथला खरा ठिपका आहे ४० वर. मधले जवळजवळ सगळे ठिपके तिला तिरके छेदून जातात, त्यामुळे सगळाच माल खराब असल्यासारखा दिसतो. दोन वेड्यावाकड्या आकड्यांनी प्रमाण विचलन फुगवलं आणि त्याच फुगलेल्या मापाने आपण बाकी चौसष्टांना जोखलं, असा हा प्रकार. म्हणून रेघ चतुर्थकांतून ओढावी. रांगेत पाव वाटेवरचा आकडा २४ आहे आणि पाऊण वाटेवरचा ३०.७५. नॉर्मल वितरणात या दोन जागांमध्ये १.३५ प्रमाण विचलनांचं अंतर असतं. ६.७५ ला १.३५ ने भागलं की चढ मिळतो ५. टोकाला कोण उभं आहे याच्याशी या रेघेला देणंघेणं नसतं.

ती ओढल्यावर चित्र स्वच्छ होतं. सर्वांत वरच्या जागी रेघ म्हणते ३९.५, खरा आकडा ४०. त्याच्या खाली रेघ म्हणते ३७.४, खरा आकडा ३९. आता डावीकडे खाली या. रेघेच्या हिशेबाने सर्वांत लहान आकडा १५ च्या आसपास असायला हवा, आणि तिथे आहे उणे ४४. त्याच्या शेजारी १७ हवा होता, तिथे उणे २. बाकी सगळी माळ रेघेला धरून आहे. जवळून पाहिलं तर तिच्यात छोट्या छोट्या आडव्या पायऱ्या दिसतील. २८ हा आकडा सात वेळा आला आहे, म्हणून सात ठिपके एकाच उंचीवर. आकडे पूर्णांकात नोंदले की असं होतंच.

संगणकावर R असेल तर हेच चित्र तीन ओळींत निघतं, आकडेही त्यातच मिळतात:

```r
library(MASS)
qqnorm(newcomb)
qqline(newcomb)
```

डावं टोक खाली गेलं म्हणजे हे वितरण डावीकडे कललेलं आहे, असं म्हणावं का? मला तसं वाटत नाही, आणि आलेख वाचण्यातला सगळ्यात मोलाचा भेद इथेच आहे. विषमता असते तेव्हा माळ सबंधच वाकते. समजा, रिक्षाची वाट पाहण्याचा सरासरी वेळ १० मिनिटं आहे आणि रिक्षा कधी येईल याला काहीही नियम नाही. अशा वेळांचं वितरण गणिताने नेमकं सांगता येतं. आडव्या अक्षावर उणे २, उणे १, ०, १, २ या जागी अनुक्रमे ०.२, १.७, ६.९, १८.४ आणि ३७.८ मिनिटं येतात. आता प्रत्येक पावलाला चढ किती झाला ते पाहा. आधी दीड मिनिट, मग पाच, मग साडेअकरा, मग एकोणीस. पाऊल सारखंच, पण चढ वाढतच जातो. डावीकडे सपाट, उजवीकडे उभी, अशी ही माळ वाडग्याच्या काठासारखी दिसते. हीच उजवीकडची विषमता. उलट, वर फुगून पुढे सपाट होत जाणारी कमान दिसली तर विषमता डावीकडची.

उजवीकडची विषमता दिसली की आकड्यांचे लॉग घ्यावेत, असा सल्ला सर्रास मिळतो. घ्या, पण आलेख पुन्हा काढून पाहा. रिक्षाच्या वेळांचे लॉग घेतले तर पावलागणिक चढ २.०, १.४, १.० आणि ०.७ असा घटत जातो, म्हणजे माळ आता उलट बाजूला वाकते. घनमूळ घेतलं तर चढ ०.५९, ०.७१, ०.७३, ०.७२ असा येतो आणि माळ जवळजवळ सरळ होते.

जड शेपट्यांचं चित्र आणखी वेगळं असतं. मधला भाग रेघेवर, पण डावं टोक रेघेच्या खाली आणि उजवं टोक रेघेच्या वर. टोकाचे आकडे नॉर्मलने वर्तवलेल्यापेक्षा दोन्हीकडे लांब गेलेले. युजीन फामा यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेच्या डाऊ जोन्स निर्देशांकातल्या ३० कंपन्यांच्या शेअरचे रोजचे चढउतार असेच मांडले होते, आणि तिसांचीही माळ टोकांना रेघ सोडून लांबट एस आकारात गेली. १९ ऑक्टोबर १९८७ ला तोच निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के कोसळला. टोकं उलट आत वळली, म्हणजे डावं रेघेच्या वर आणि उजवं खाली, तर शेपट्या हलक्या. मात्र कुठलाही अर्थ लावण्याआधी अक्ष तपासावेत. काही सॉफ्टवेअर खरे आकडे आडव्या अक्षावर मांडतात, तेव्हा वर सांगितलेलं सगळं आरशातल्यासारखं उलटं होतं.

टोकाचे ठिपके तसे स्वभावानेच डुलतात. ६६ पूर्ण नॉर्मल आकडे घेतले तरी सर्वांत लहान आकडा दरवेळी अंदाजे अर्ध्या प्रमाण विचलनाने इकडेतिकडे होतो. न्यूकम यांच्या बाबतीत ते साधारण दोन अब्जांश. डुलणं किती आणि बिघाड किती हे कळायला संगणकाकडून ६६ नॉर्मल आकडे दहावीस वेळा काढून घ्यावेत आणि त्यांचे आलेख खऱ्या आलेखाशेजारी ठेवावेत. `rnorm(66)` एवढं लिहिलं की एक संच मिळतो. तो खटाटोप केला की उणे ४४ बद्दल शंका राहत नाही. ते रेघेपासून जवळपास ६० अब्जांश दूर आहे.

न्यूकम यांनी उणे ४४ बाजूला काढलं आणि उणे २ ठेवलं. १८८६ मध्ये त्यांनी एक सिद्धान्तही मांडला. निरीक्षणं एकाच दर्जाची नसतात, चांगली आणि ढिसाळ यांची सरमिसळ असते, आणि म्हणून मोठ्या चुका नॉर्मलपेक्षा जास्त वेळा येतात, असं त्यात होतं. जड शेपटी कशामुळे येते याचं हे आजही पटण्यासारखं उत्तर आहे.

दोन्ही आकडे काढले तर उरलेल्या ६४ ची सरासरी २७.७५ आणि प्रमाण विचलन ५.१. चतुर्थकांच्या रेघेने आधीच सांगितलेल्या ५ च्या अगदी जवळ. आलेख नव्याने काढला की दोन्ही १६ सुद्धा रेघेला येऊन टेकतात. आणि सरासरीभोवतीची ९५ टक्क्यांची मर्यादा निघते २६.५ ते २९.

प्रकाशाचा आज मान्य असलेला वेग घेऊन हिशेब केला तर त्या अंतराला यायला हवा होता ३३. तो या मर्यादेच्या पार बाहेर आहे. फिरत्या आरशाच्या त्या मांडणीत कुठेतरी एक चूक होती, तिने सगळ्याच मोजण्या सारख्याच खाली ओढल्या. सगळे ठिपके एकदम पाच अब्जांश खाली सरकले तरी रेघ त्यांच्याबरोबर सरकते आणि तितकीच सरळ राहते.