माईक कुणाकडे, कितव्या मिनिटाला?

आमच्या सोसायटीच्या सभेत गच्चीवर सौरऊर्जा बसवण्याचा प्रस्ताव मांडायचा होता. बोलणारे तिघं होते: मी सचिव म्हणून, इमारतीतल्याच एक इंजिनिअर ताई आणि खजिनदार काका. वेळ पंधरा मिनिटांची. कागदावर आम्ही एवढंच लिहिलं होतं, की प्रत्येकाने पाच मिनिटं बोलायचं. मी सात मिनिटं बोललो आणि "एवढं बोलून थांबतो" म्हणून खाली बसलो. ताई आणि काका दोघंही उठले, मग दोघंही बसले. अखेर ताई पुढे आल्या, तर पडद्यावर अजून माझीच स्लाइड होती. काकांच्या वाट्याला दोन मिनिटं उरली. खर्च नीट कळलाच नाही, म्हणून सभासदांनी निर्णय पुढे ढकलला.

आमची भाषणं वाईट नव्हती. सगळं बिघडलं ते एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होताना. पुढच्या सभेसाठी आम्ही तिघांसाठी मिळून एक क्यू शीट बनवली. 'क्यू' हा शब्द नाटकवाल्यांना सांगायला नको. समोरच्या नटाच्या वाक्याचे शेवटचे शब्द कानावर पडले, की आपण बोलायचं. आमच्या कागदाचं कामही तेवढंच होतं. भाषण ज्याचं त्याने आपल्यापाशी ठेवायचं, कागदावर फक्त सांधे लिहायचे. तो असा होता:

०:०० ते ४:०० – सचिव, स्लाइड १ ते ४. शेवटचं वाक्य: "बिल का वाढतं ते पाहिलं, आता आपल्या गच्चीवर किती पॅनेल बसतात, ते ताई दाखवतील."

४:०० ते ९:३० – ताई, स्लाइड ५ ते ८. शेवटचं वाक्य: "जागा पुरेशी आहे, पैसे कुठून आणायचे, ते काका सांगतील."

९:३० ते १३:०० – काका, स्लाइड ९ ते ११. शेवटचं वाक्य: "हिशोब तुमच्यासमोर आहे, ठराव सचिव वाचून दाखवतील."

१३:०० ते १४:०० – सचिव, स्लाइड १२, ठराव.

यात 'चार मिनिटं बोला' असं कुठेच लिहिलेलं नाही. कितव्या मिनिटाला कोण बोलत असायला हवं, ते लिहिलं आहे. नुसती 'साडेतीन मिनिटं' लिहिली, तर आधीचे किती रेंगाळले हे काकांना कळणार नाही. '९:३०' लिहिलं, की घड्याळाकडे एक नजर टाकली तरी पुरते. शेवटचं एक मिनिट मुद्दाम रिकामं ठेवलं, कारण माईक हातोहात जाताना आणि मध्येच कुणी प्रश्न विचारला तर वेळ जातोच.

शेवटचं वाक्य शब्दशः ठरवायचं आणि त्यात पुढच्या माणसाचा उल्लेख हवाच. "तर असं आहे सगळं" हे ऐकून कुणीही उठत नाही. वाक्य बोलून झाल्यावर पुढची स्लाइड जाणाऱ्यानेच लावायची आणि मग रिमोट द्यायचा, हेही आम्ही कागदावर लिहून ठेवलं. त्यामुळे ताई उभ्या राहिल्या तेव्हा पडद्यावर त्यांची पाचवी स्लाइड होती.

स्लाइडच्या आकड्यांनी मात्र आम्हाला एकदा फसवलं. आदल्या रात्री काकांनी मध्ये एक नवी स्लाइड घातली आणि पुढचे सगळे आकडे एकाने सरकले. तेव्हापासून आम्ही आकड्याशेजारी स्लाइडचं नावही लिहितो, जसं '९ – खर्च'. प्रत्येक स्लाइडच्या कोपऱ्यात तिचा क्रमांक छापतो आणि क्यू शीटवर तारीख व वेळ टाकतो. स्लाइड बदलली, की जुने कागद फाडून सगळ्यांना नवे द्यायचे.

एक ओळ उशीर झाला तर वापरायची होती: 'ताईंना ५:३० नंतर माईक मिळाला, तर स्लाइड ७ गाळायची'. काय गाळायचं ते आधीच ठरलेलं असलं, की उभ्या-उभ्या डोकं खाजवावं लागत नाही. पॉवरपॉइंटच्या स्लाइड शोमध्ये ८ दाबून एंटर केलं, की थेट आठवी स्लाइड येते. सगळ्यांसमोर सातवी पळवत न्यावी लागत नाही.

हा कागद खरा की खोटा, ते तालमीत कळतं. घड्याळ लावून मोठ्याने बोलायचं, मनातल्या मनात नाही. प्रत्येक सांध्याला खरी वेळ पेन्सिलीने शेजारी लिहायची. आमच्या पहिल्या तालमीत माझा सांधा ४:०० ऐवजी ५:१० ला आला. मी वेळ वाढवून घेतली नाही, दोन उदाहरणं कापली. दुसऱ्या सभेत काकांना त्यांची पूर्ण साडेतीन मिनिटं मिळाली.

तुम्ही दोघं-तिघं मिळून काही मांडणार असाल, तर आज रात्री निदान एवढं करा: प्रत्येकाने आपलं शेवटचं वाक्य लिहून काढा आणि ते पुढच्या माणसाला वाचून दाखवा.