२७ विरुद्ध २ : चर्चेच्या प्रकरणात किती बोलावे?

प्रबंधातली आकडेमोड एकदाची संपते आणि 'चर्चा' हे प्रकरण सुरू होते. तोपर्यंत सांभाळून चाललेला विद्यार्थी इथे हमखास पाय घसरून पडतो. तक्त्यात जे नाही ते लिहिले जाते, नाहीतर परीक्षकांच्या धाकाने काहीच ठाम लिहिले जात नाही. या दोन्ही टोकांच्या मधून कसे जावे, हे बघायचे असेल तर रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांचा १९५० सालचा शोधनिबंध काढून वाचावा.

त्या काळी इंग्लंडमध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण झपाट्याने वाढत होते. संशय अनेकांवर होता. डांबरी रस्ते, मोटारींचा धूर, तंबाखू. डॉल आणि हिल यांनी लंडनच्या २० रुग्णालयांतल्या फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांना त्यांच्या सवयी विचारल्या. अशा प्रत्येक रुग्णामागे त्याच्याच वयोगटातला, पण दुसऱ्या आजाराचा एक रुग्ण तुलनेसाठी घेतला. दोन्ही गटांत पुरुष होते ६४९. कर्करोगाच्या गटात धूम्रपान न करणारे निघाले २, तर दुसऱ्या गटात २७.

आपल्याकडचा एखादा उत्साही संशोधक इथेच 'सिगारेटमुळे कर्करोग होतो हे सिद्ध झाले' असे लिहून मोकळा झाला असता. या दोघांनी संबंध दिसतो एवढेच मान्य केले आणि त्याला दुसरे काय कारण असू शकेल, याचा एकेक करून समाचार घेतला.

त्यातली एक शंका फार खरी होती. समोरच्या माणसाला कर्करोग आहे हे मुलाखत घेणाऱ्यांना सहसा ठाऊक असे. मग त्यांनी नकळत सिगारेटींचा आकडा फुगवून लिहिला नसेल कशावरून? बहुतेक जण अशी शंका 'मर्यादा' या मथळ्याखाली एका ओळीत टाकून पुढे जातात. डॉल आणि हिल यांनी तिचे उत्तर हाताशी असलेल्या माहितीतच शोधले. मुलाखतीच्या वेळी काही रुग्णांना फुफ्फुसाचा कर्करोग असल्याचे मानले गेले होते, पण पुढे ते निदान चुकीचे ठरले. आकडे मुलाखतकारांनी फुगवले असते, तर या रुग्णांच्या नावावरही जास्त सिगारेटी लागल्या असत्या. तसे झाले नव्हते. त्यांच्या सवयी तुलनेच्या गटासारख्याच निघाल्या. शंका नुसती नोंदवणे आणि ती तपासून निकालात काढणे यांत हा एवढा फरक आहे.

कर्करोगामुळे माणसे सिगारेट ओढू लागतात, किंवा दोन्हींच्या मुळाशी तिसरेच काही आहे, या शक्यताही त्यांनी मांडल्या आणि मग दूर सारल्या. त्यानंतरच धूम्रपान हा या रोगाच्या निर्मितीतला एक महत्त्वाचा घटक आहे, असे त्यांनी ठामपणे लिहिले. 'एक' घटक, एकमेव नव्हे. धुरातला नेमका कोणता पदार्थ दोषी, याबद्दल आपल्याकडे पुरावा नाही हेही सांगून टाकले.

न जुळणारी गोष्टही त्यांनी झाकली नाही. धूर छातीत ओढण्याची सवय कर्करोगाच्या रुग्णांत जास्त असेल असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात ती किंचित कमीच निघाली आणि ते जसेच्या तसे छापले गेले. पुढे रोनाल्ड फिशर या बड्या संख्याशास्त्रज्ञाने हेच हत्यार करून त्यांच्यावर उगारले. तरी मूळ निष्कर्ष टिकला, कारण त्याचा भार या एका मुद्द्यावर नव्हताच.

आता आपल्या प्रबंधाकडे वळू. समजा, एका शाळेतल्या मुलांची पाहणी केली आणि रोज नाश्ता करतो म्हणणाऱ्यांचे सरासरी गुण जास्त आढळले. 'नाश्त्याने गुण वाढतात, म्हणून शासनाने सर्व शाळांत नाश्ता सुरू करावा' या वाक्यात दोन उड्या आहेत. एक कारणाकडे, दुसरी एका शाळेवरून साऱ्या राज्याकडे. 'या शाळेत नियमित नाश्ता करतो असे सांगणाऱ्या मुलांचे गुण जास्त आढळले' इतकेच खरे. पुढचे वाक्य घरच्या परिस्थितीवर हवे, कारण सकाळी नाश्ता मिळणाऱ्या घरात शिकवणीलाही पैसे असण्याचा संभव आहे. उत्पन्नाची माहिती घेतली असेल तर सारख्या उत्पन्नाच्या मुलांची आपसांत तुलना करा आणि फरक उरतो का ते लिहा. घेतली नसेल, तर हे दुसरे स्पष्टीकरण आपल्याला नाकारता येत नाही, असे सरळ लिहा. 'कदाचित', 'संभवतः' असे शब्द पेरून ते भागत नाही. शासनाला करायची शिफारस तर खोडूनच टाका, ती या आकड्यांतून निघत नाही.