ग्रुप टूर रद्द करताय? फोनवर विसंबू नका

समजा, कुडव्यातल्या 14 जणांनी गोंदियाच्या एखाद्या टूरवाल्याकडे माणशी 10,000 रुपये भरलेत आणि निघायच्या 32 दिवस आधी घरात लग्न निघालं. पावतीमागच्या अटी आधी वाचा. तिथे ‘30 दिवसांआधी 20 टक्के कपात, नंतर 50 टक्के’ असेल, तर दोन दिवसांची दिरंगाई 1,40,000 मधले 42,000 जादा खाते. फोनवर ‘बघतो’ म्हणतात. तारीख मात्र ईमेलचीच धरली जाते.

ज्याच्या नावावर बुकिंग, त्यानेच लिहावं. बुकिंग क्रमांक, माणसं, भरलेली रक्कम टाका. मग सरळ: “आम्हांला पुढची तारीख द्या, दरफरक किती ते कळवा. जमत नसेल तर कपातीचा हिशेब हॉटेल, बस, रेल्वे असा वेगळा देऊन उरलेली रक्कम परत करा. सात दिवसांत लेखी उत्तर द्या.” ‘क्रेडिट नोट’ देऊ केली, तर मुदत विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

उत्तरच नाही? 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे टूरवाला मुंबईचा असला तरी गोंदियातच.